विश्लेषण : बचतगटाच्या व्यवसाय आराखड्यात नफ्याआधी रोकड पाहावी

राष्ट्रीय कृषी आणि ग्रामीण विकास बँकेने, अर्थात नाबार्डने, १९९२ मध्ये ५०० गटांना बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. स्वयंसहायता गट आणि बँक यांच्यातील व्यवहाराची देशव्यापी घडी तेथून बसत गेली. महिलांच्या गटाला तारणाशिवाय कर्ज मिळू शकते का, हा त्या काळचा प्रश्न होता. राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानांतर्गत पात्र गटांना १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये आणि त्यांच्या बचत खात्यातील रक्कम अडकवून ठेवू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश असल्याने तो प्रश्न आता बराचसा सुटला आहे. मिळालेले कर्ज व्यवसायाच्या चालीशी जुळते का, हा आजचा प्रश्न आहे. गटांच्या आराखड्यांत बहुधा वर्षाचा खर्च, वर्षाची विक्री आणि वर्षाचा नफा मांडलेला असतो. कोणत्या महिन्यात पैसा बाहेर जाईल आणि कोणत्या महिन्यात परत येईल, हे मात्र त्यात नसते.

लाल तिखट तयार करणाऱ्या दहा महिलांच्या गटाचे उदाहरण घेऊ. यातील दर केवळ हिशेबासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकीने दरमहा १०० रुपये याप्रमाणे दोन वर्षांत २४,००० रुपये जमवले. अंतर्गत कर्जव्यवहाराचे व्याज ६,००० रुपये झाले आणि अभियानाकडून २०,००० रुपयांचा फिरता निधी मिळाला. अशा रीतीने गटाचा एकूण निधी ५०,००० रुपये होतो. निधीच्या सहापट किंवा दीड लाख रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितके पहिले कर्ज देण्याची तरतूद असल्याने या गटाला तीन लाख रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. या मर्यादेपर्यंत व्याजदर ७ टक्के असून वेळेवर परतफेड करणाऱ्या गटाला आणखी ३ टक्क्यांची सवलत आहे.

वाळलेली मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येते आणि वर्षभराची खरेदी तेव्हाच करावी लागते. गटाने मार्चमध्ये २०० रुपये किलो दराने एक हजार किलो मिरची घेतली, म्हणजे दोन लाख रुपये गुंतले. देठ, खराब मिरची आणि ओलावा यांपोटी दहा टक्के घट धरल्यास ९०० किलो तिखट हाती येते. किलोमागे मिरचीचे २२२ रुपये, दळण, पाकिटे आणि वाहतुकीचे ४८ रुपये, तर देठ खुडणे, वाळवणे आणि भरणे या कामाच्या मजुरीचे ४० रुपये, असा एकूण खर्च ३१० रुपये होतो. दुकानदाराला ३६० रुपयांनी माल दिल्यास ५० रुपये उरतात. वर्षाला सुमारे ४५,००० रुपये. अनेक आराखड्यांत सदस्यांची मजुरी धरलीच जात नाही. तसे केल्यास हाच नफा ८१,००० रुपये दिसतो. पण त्यातील ३६,००० रुपये हा महिलांनी फुकट केलेल्या श्रमांचा मोबदला असतो.

आता हेच वर्ष महिन्यांनुसार पाहू. दरमहा ७५ किलो तिखट विकले जाते, म्हणजे २७,००० रुपयांची विक्री होते. मात्र दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देतो. एप्रिलपासून विक्री सुरू झाली तरी पहिली रक्कम जूनमध्ये येते. तोवर दळण, पाकिटे आणि मजुरीसाठी दरमहा ६,६०० रुपये लागतातच. मिरचीसाठी दोन वर्षांचे मुदत कर्ज घेतले असेल, तर मेपासून सुमारे ८,९५० रुपयांचा हप्ताही सुरू होतो. म्हणजे पहिला रुपया येण्याआधीच २२,००० रुपयांहून अधिक रक्कम उभी करावी लागते. ती सामूहिक बचतीतून काढली, तर आजारपण किंवा शाळेच्या शुल्कासाठी सदस्याला द्यायला गटाकडे पैसा उरत नाही. मग ती सदस्य सावकाराकडे वळते. व्यवसाय नफ्यात असतानाही गट मोडू लागतो, तो असा.

पुढील मार्च अधिक कठीण असतो. अकरा हप्ते भरून झाल्यावर गटाच्या हाती सुमारे ९२,००० रुपये असतात, बँकेचे एक लाखाहून अधिक देणे बाकी असते आणि नव्या मिरचीसाठी पुन्हा दोन लाख रुपये हवे असतात. यंत्रासारख्या टिकाऊ वस्तूसाठी मुदत कर्ज योग्य असते. दरवर्षी गुंतणाऱ्या आणि दरवर्षी मोकळ्या होणाऱ्या पैशासाठी ते गैरसोयीचे ठरते.

अशा धंद्याला कॅश क्रेडिट म्हणजे रोख पत मर्यादा अधिक मानवते. यात मार्चमध्ये मिरचीपुरते पैसे उचलायचे, विक्रीचे पैसे येतील तसे खात्यात भरायचे आणि वापरलेल्या रकमेवरच व्याज द्यायचे. वरील उदाहरणात मे अखेरीस उचल सुमारे २,१३,००० रुपयांवर जाते आणि जूनपासून दरमहा २०,४०० रुपयांनी उतरते. वर्षाचे साधारण ८,००० रुपये व्याज धरूनही पुढील मार्चअखेर देणे १७,००० रुपयांच्या आसपास राहते, तर दुकानदारांकडून ५४,००० रुपये येणे असतात. नव्या खरेदीसाठी मर्यादा जवळजवळ पूर्ण मोकळी झालेली असते. सामूहिक बचतीलाही हात लागत नाही आणि उरलेल्या सुमारे ८७,००० रुपयांच्या मर्यादेत सदस्यांच्या वैयक्तिक गरजा भागवता येतात.

मात्र या खात्याला शिस्त लागते. व्याज सवलतीसाठी शिल्लक देणे मर्यादेबाहेर सलग ३० दिवसांहून अधिक काळ राहता कामा नये, दर महिन्याला खात्यात किमान एकदा भरणा व्हावा आणि महिन्यातील भरणा त्या महिन्याच्या व्याजाइतका तरी असावा, अशा अटी आहेत. सगळा माल उधारीवर दिल्यास एप्रिल आणि मे महिन्यांत भरायला काहीच नसते. म्हणून ७५ पैकी १५ किलो तिखट आठवडे बाजारात रोखीने विकण्याची तरतूद आराखड्यातच हवी. त्याचे ५,४०० रुपये सुमारे १,२०० रुपयांच्या मासिक व्याजाला पुरून उरतात.

या मांडणीलाही मर्यादा आहेत. मिरचीचा दर २५० रुपयांवर गेला आणि विक्रीचा दर तोच राहिला, तर किलोमागचा ५० रुपयांचा नफा पूर्णपणे नाहीसा होतो. ओलसर मिरची घेतल्याने घट पंधरा टक्के झाली, तरी त्यातील १३ रुपये जातात. शिवाय पहिल्या वर्षाचा नफा दुकानदारांच्या उधारीत अडकलेला असल्याने तो वाटून घेणे म्हणजे प्रत्यक्षात बँकेचे कर्ज वाटून घेणे होय.

गट अडचणीत येत आहे का, हे मासिक बैठकीत तीन आकड्यांवरून कळते : दुकानदारांकडील येणे, शिल्लक मिरची आणि तिखट यांची किंमत, आणि बँकेचे देणे. पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्यापेक्षा कमी झाली, तर पैसा धंद्याबाहेर गेला आहे किंवा माल तोट्यात विकला जात आहे. बँकेकडे सादर होणाऱ्या सूक्ष्म पतआराखड्यात वार्षिक नफ्याच्या ओळीसोबत बारा महिन्यांचा जमाखर्च जोडलेला असेल, तर ही वेळ येण्याआधीच गट आणि बँक दोघांनाही धोका दिसेल.