‘पुढे लिहा’ म्हणणाऱ्याची बाजू

हल्ली एक तक्रार फार ऐकू येते. कोणी होतकरू लेखक, कोणाचा पुतण्या, कोणाची कॉलेजात जाणारी मुलगी आपल्या गोष्टीची दोन पाने फोनवर चिकटवून पाठवते आणि खाली दोनच शब्द लिहिते : ‘पुढे लिहा.’ गोष्ट कुठे न्यायची, कोणाच्या नजरेतून सांगायची, पानभर लिहायचे की दहा पाने, कशाचा पत्ता नाही. मग लिहिणारी जाणती मंडळी कपाळाला हात लावतात. ‘अहो, ही काय मागणी झाली? शिंप्याकडे कापड टाकून नुसते “शिवा” म्हणण्यासारखेच हे!’

ही उपमा ऐकायला ठसकेबाज आहे, पण आमच्या मते ती साफ चुकीची आहे. शिंप्याकडे जाते ते कोरे कापड. इथे हातात येतो तो बाह्या लावलेला, गळा कापलेला, अर्धा शिवलेला सदरा. तो पुढे ठेवून ‘पुरा करा’ म्हटल्यावर ‘परकर हवा की सदरा?’ असे जो शिंपी विचारील, त्याच्या डोळ्यांविषयीच शंका घ्यावी लागेल. अपुरी गोष्ट म्हणजे अपुरी मागणी नव्हे. मागणीचा मोठा भाग त्या दोन पानांतच लिहिलेला असतो. तो वाचण्याचे कष्ट नकोत, म्हणून प्रश्नांची यादी पुढे केली जाते, हे आमचे म्हणणे आहे.

नुसते म्हणून भागणार नाही, म्हणून एक नमुना घेऊ. समजा, कोणी एवढाच मजकूर पाठवला :

‘सातची एस. टी. चुकली तेव्हा यमूने हातातली पिशवी बाकावर ठेवली. पिशवीत तीन डबे होते. दोघांत काय आहे ते आईने सांगितले होते. तिसऱ्याबद्दल ती काही बोलली नव्हती. चौकशीची खिडकी बंद झाली. रस्त्यापलीकडे एक सायकल थांबली. उतरलेल्या माणसाने यमूकडे पाहिले नाही, पण तो गेलाही नाही.’

आणि खाली : ‘पुढे लिहा.’

आता नजर कोणाची हे विचारायचे काही कारण आहे का? डब्यांबद्दल आई काय बोलली आणि काय बोलली नाही, हे यमूवाचून कोणाला ठाऊक असणार? सायकलवाल्याचे मात्र फक्त बाहेरचे दिसते : तो उतरला, त्याने पाहिले नाही, तो गेला नाही. त्याच्या मनातले एक अक्षर नाही. म्हणजे लेखकाने यमूच्या खांद्याशी उभे राहून सांगायचे ठरवले आहे. पुढच्याच ओळीला जर कोणी लिहिले की ‘त्या माणसाच्या मनात जुन्या आठवणी दाटून आल्या’, तर गोष्ट तिथेच फुटली. तो माणूस कोण, या एका प्रश्नावर सगळा ताण उभा होता आणि लिहिणाऱ्याने आत शिरून दिवा लावला. वाक्येही पाहा. आखूड आहेत, विशेषणे जवळजवळ नाहीत. इथे ‘सायंकाळच्या सोनेरी संधिप्रकाशात’ आणून ओतला, तर तो परक्या घरचा पाहुणा म्हणून लगेच ओळखू येईल.

दिशेचे काय? ती पूर्ण सांगितलेली नाही हे खरे. पण ठिपक्यांच्या रांगोळीसारखे आहे हे. रेघा अर्ध्याच ओढल्या असल्या, तरी ठिपके मांडलेले असतात. इथले ठिपके तीन : चुकलेली गाडी, न सांगितलेला डबा आणि न जाणारा माणूस. लेखकाने वाचकाकडून उसने घेतलेले हे कुतूहल आहे. पुढे लिहिणाऱ्याने ते फेडायचे, निदान त्याची आठवण ठेवायची. तो यमूला दुसऱ्याच परिच्छेदात मुंबईला नेऊन तिथल्या कचेरीतली कथा सुरू करील, तर ती कथा कितीही सरस असो, या गोष्टीच्या पुढची ती नव्हे.

उलट बाजूचा अपराध याहून वाईट, आणि तोच जास्त घडतो. हाती गोष्ट पडली की काहींना ती संपवण्याची घाई होते. माणूस म्हणजे लहानपणी हरवलेला भाऊ, डब्यात आजीचे दागिने, गळ्यात गळा आणि समाप्त. तिन्ही ठिपके एका फटक्यात पुसले. मागणाऱ्याने ‘पुढे लिहा’ म्हटले होते, ‘संपवा’ म्हटले नव्हते, एवढा साधा मराठी फरक त्यांच्या ध्यानात येत नाही.

मग किती लिहावे? लांबी मात्र कागदावर लिहिलेली नसते, हे आम्ही मान्य करतो. पण तिलाही एक माप आहे. गोष्टीत एखादी गोष्ट बदलेपर्यंत लिहावे आणि मूळ लेखकाला पुन्हा लेखणी उचलावीशी वाटेल अशा जागी थांबावे. चाळीस-पंचेचाळीस शब्दांच्या मजकुराला दहा पाने जोडणे हा कब्जा झाला. दोन ओळी जोडणे ही टोलवाटोलवी झाली. वरच्या नमुन्याला आम्ही एवढे जोडू :

‘यमूने पिशवी मांडीवर घेतली. आठची गाडी असते की नाही, हे विचारायला आता कोणी उरले नव्हते. पलीकडचा माणूस वाकून सायकलची चेन चाचपत होता. बराच वेळ चाचपत होता. चेनचा आवाज मात्र एकदाही आला नाही. यमूने डबे हातात तोलून पाहिले. तिसरा सर्वांत हलका होता. “आठची बंद झाली,” तो मान वर न करता म्हणाला. “तुमच्या आईला ठाऊक नसेल.”’

बस्स, इथे थांबायचे. माणूस आईला ओळखतो एवढेच नवे कळले. तो भला की बुरा, डब्यात काय, हे मालकाच्या हाती शिल्लक राहिले. खाली एक ओळ लिहावी : ‘यमूच्याच नजरेतून, पुढच्या एका वळणापर्यंत लिहिले आहे; माणूस आईच्या ओळखीचा धरला आहे. तो अनोळखी हवा असल्यास शेवटचे बोलणे बदलावे लागेल.’ काय गृहीत धरले ते उघड सांगितले की चूक झाली तरी ती एका वाक्याने दुरुस्त होते. लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारून मागणाऱ्याला ताटकळत ठेवण्यापेक्षा हे शंभरपट बरे.

हा काही आजचा शोध नव्हे. ज्या ग्रंथाचे नाव मराठीने एका अख्ख्या साहित्यप्रकाराला दिले, त्या ‘कादंबरी’चेच उदाहरण घ्या. सातव्या शतकात बाणभट्टाने ती लिहायला घेतली आणि ती अपुरी ठेवून तो गेला. पुढची त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने, पूर्ण केली. काही जण त्याला पुलिंद म्हणतात. आता तो ग्रंथ तुटला कुठे ते पाहा. पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीचे बोलणे सांगते आहे. ही हकीकत जाबाली ऋषी सांगतो आहे. जाबालीने सांगितलेले एक पोपट शूद्रक राजाला ऐकवतो आहे. आणि पोपटाचे बोलणे कवी आपल्याला सांगतो आहे. कादंबरी, पत्रलेखा, जाबाली, पोपट, कवी : पाच तोंडे एकात एक बसलेली, आणि बाप गेलेला! कोणाच्या तोंडून लिहू, हे विचारायला मुलाला कोणीही नव्हते. त्याने सारे कागदावरूनच वाचले, घडीत घडी तशीच ठेवली आणि शेवटी पोपट कोण, राजा कोण, हे ठिपकेही जुळवले. दिशेसाठी त्याला परंपरेचा आधार असावा, कारण हीच कथा दुसऱ्या नावांनी सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आहे आणि दोहोंचे मूळ ‘बृहत्कथे’त मानतात. लांबीचे बंधन कोणी घातले नव्हते, तरी त्याचा उत्तरभाग बापाच्या पूर्वभागाहून बराच लहान आहे. कवित्वाचा गर्व म्हणून नव्हे, तर कथा अपुरी राहिल्याचे सज्जनांना दुःख झाले म्हणून आपण हे हाती घेतले, असे तो आरंभीच सांगून टाकतो. बापाची सर त्याला आली नाही असे पंडित म्हणतात, म्हणोत. त्याने नजर चुकवली असे कोणी म्हणत नाही.

आता आमच्यावर पक्षपाताचा आरोप येईल. ‘मागणाऱ्याने आणखी चार शब्द लिहिले असते, तर त्याचे काय गेले असते?’ पुष्कळदा उत्तर असे, की ते चार शब्द त्याच्याजवळच नसतात. वळण ठाऊक असते तर त्याने ते स्वतःच घेतले असते. तो अडला आहे, म्हणूनच आला आहे. अडलेल्याला ‘कुठे जायचे ते आधी नीट सांग’ म्हणणे हे शहाणपण नव्हे.

परंतु जे त्याला ठाऊक आहे ते त्याने दडवू नये, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे म्हणतो. गोष्ट स्पर्धेसाठी असेल आणि हजार शब्दांची मर्यादा असेल, तर ती कागदावरून कोणाला कळणार? हा मजकूर मोठ्या कादंबरीतले सातवे प्रकरण असेल आणि शेवट आधीच ठरलेला असेल, तर ते सांगायलाच हवे. तसे न सांगता मागाहून ‘मला असे नको होते’ म्हणून नाक मुरडणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही.

आणि कधी कधी कागदच मुका असतो. कोणी एकच वाक्य पाठवले, तर ठिपके मांडलेलेच नाहीत. कधी दोन पानांत दोन निवेदक असतात आणि तिसरे पान कोणाचे ते उमगत नाही. डिकन्सच्या ‘एडविन ड्रूड’ची गंमत आठवा. बारा मासिक भागांचा बेत होता. 1870 साली डिकन्स गेला तेव्हा सहा भागांपुरतीच गोष्ट हाती होती. तिथे लांबी पक्की ठाऊक, उरलेले सहा भाग; पण ड्रूडचे काय झाले, यावर दीडशे वर्षे वाद चालू आहे. अशा ठिकाणी जरूर विचारावे. मात्र विचारणे म्हणजे कारकुनी अर्ज भरून घेणे नव्हे. ज्या एका गोष्टीवाचून हात चालणार नाही, तेवढीच विचारावी : ‘पुढचे पान यमूचे की त्या माणसाचे?’ असा प्रश्न ज्याने मजकूर वाचला आहे त्यालाच सुचतो. ‘दृष्टिकोन कोणता, दिशा कोणती, लांबी किती?’ हे तीन प्रश्न एक अक्षरही न वाचता विचारता येतात, आणि नेमका हाच त्यांच्यावर आमचा आक्षेप आहे.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या कोणी आपली दोन पाने पाठवून ‘पुढे लिहा’ म्हटले, तर त्याला उलटा जाब विचारू नका. ती पाने दोनदा वाचा. कोण पाहते आहे, काय उसने घेतले आहे, वाक्य किती लांब चालते आहे, एवढे बघा. एक वळण लिहा, काय धरून चाललात ते सांगा आणि लेखणी मालकाला परत द्या.