विश्लेषण : पान मोजायचे की शब्द? मुक्त मुद्रितशोधकाच्या स्थिर कमाईचे गणित

मराठी प्रकाशन व्यवसायात पूर्णवेळ संपादक ठेवणाऱ्या संस्था मोजक्याच आहेत. बहुतेक पुस्तकांचे संपादन आणि मुद्रितशोधन घरून काम करणारी मंडळी करतात. काम मिळते, पण महिन्याचा हिशेब जुळत नाही, ही त्यांची नेहमीची अडचण. यामागे कमी दर हे एक कारण आहे. कामाचे मोजमाप आणि पैसे मिळण्याची वेळ ही त्याहून मोठी कारणे ठरतात.

पानामागे दर का परवडत नाही?

उदाहरणादाखल २४० पानांची, सुमारे ६० हजार शब्दांची कादंबरी घेऊ. तिन्ही वाचनांसाठी मिळून पानाला २० रुपये ठरले, तर मानधन ४,८०० रुपये होते. पहिल्या मुद्रितात ताशी आठ पाने वाचून झाली तर ३० तास जातात. दुसऱ्या वाचनाला २० आणि अंतिम मुद्रिताला १० तास धरले, तर एकूण ६० तास होतात. म्हणजे हाती येतात तासाला ८० रुपये. त्यात कागद वाचवण्यासाठी टंक लहान करून पुस्तक १५ ऐवजी १३ फॉर्मांत, म्हणजे २०८ पानांत बसवले, तर मानधन ४,१६० रुपयांवर येते. वाचायचे शब्द मात्र तेवढेच राहतात. म्हणून अनुभवी शोधक मूळ संहितेतील शब्दसंख्येवर दर ठरवतात. याच कामाला शब्दामागे २० पैसे मिळाले तर १२ हजार रुपये होतात आणि तासाचा दर २०० रुपयांवर जातो.

मुद्रितशोधन कुठे संपते?

मुद्रितशोधनात जुळणीतील चुका, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हे आणि सुटलेल्या ओळी पाहायच्या असतात. वाक्यरचना बदलणे, तपशील ताडून पाहणे, पात्राचे वय किंवा नाव पुढे बदलले आहे का हे शोधणे हे संपादन. प्रकाशक ‘फक्त प्रुफे पाहा’ म्हणून अनुवाद पाठवतो आणि प्रत्येक वाक्य दुरुस्त करावे लागते, तेव्हा सगळा हिशेब फसतो. यावर सोपा उपाय म्हणजे काम स्वीकारण्याआधी संहितेच्या सुरुवातीची, मधली आणि शेवटची मिळून दहा पाने तपासणे. वेलांटी-उकारांपेक्षा वाक्येच जास्त बदलावी लागत असतील, तर ते संपादनाचे काम आहे. त्याचा दर आणि मुदत वेगळी सांगावी लागते.

जुन्या पुस्तकांचे काम वेगळे कसे?

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार जागा सोडतो, जोडाक्षरे फुटतात. तेथे मूळ छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडावी लागते. संगणकीय शब्दतपासणी ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतली चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. पुन्हा ‘मूल’चे ‘मुलाला’ होते, पण तत्सम ‘परीक्षा’ ‘परीक्षेला’मध्येही दीर्घच राहते. अशा कामाचा वेग निम्म्यावर येऊ शकतो. त्यामुळे पाच पाने वाचून, घड्याळ लावूनच मुदत देणे शहाणपणाचे.

पैसे वेळेवर मिळण्यासाठी कायदा काय सांगतो?

‘पुस्तक आले की देऊ’ ही रीत सर्वांत घातक, कारण पुस्तक वर्षभरही रखडू शकते. मुक्त संपादक सेवा पुरवतो, त्यामुळे त्याला सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास व्याज लागते. नोंदणी मात्र काम देण्याआधीची हवी. छोट्या वर्तुळात तक्रार करायला कुणी सहसा धजावत नाही, हेही खरे. म्हणून मानधनाचे तीन हप्ते पाडणे अधिक उपयोगी ठरते : काम घेताना, पहिले मुद्रित परत देताना आणि अंतिम मुद्रित देताना.

काम सातत्याने कसे येते?

दिवाळी अंकांची गर्दी पावसाळ्यात सुरू होते आणि दिवाळीपूर्वी संपते. तेवढ्यावर विसंबल्यास पुढचे महिने कोरडे जातात. अनुवाद, शैक्षणिक पुस्तके, संस्थांचे अहवाल आणि स्मरणिका यांची कामे त्या वेळी धरावी लागतात. प्रकाशक त्याच शोधकाकडे परत येण्याचे मोठे कारण म्हणजे त्याने जपलेला लेखननियमांचा तक्ता. त्या संस्थेत अंक देवनागरीत की इंग्रजीत, परकी नावे कशी लिहायची, नावांच्या आद्याक्षरांत जागा सोडायची का, याचे निर्णय त्यात नोंदलेले असतात. दुसऱ्या पुस्तकापासून त्याच प्रश्नांवर फोन करावे लागत नाहीत आणि वाचनाचा वेळही वाचतो. मात्र निम्म्याहून अधिक उत्पन्न एकाच प्रकाशकाकडून येत असेल, तर त्याचे एक रखडलेले पुस्तकही घरखर्च अडवू शकते.