दम्याचा पंप शाळेच्या कपाटात नको, मुलाच्या खिशात हवा

गेल्या जूनमध्ये घाटनांदूर भागातल्या एका शाळेला मी पत्र दिलं होतं. सातवीतला मुलगा, वय बारा, तीव्र दमा. घरी रोज सकाळ-संध्याकाळ पंप घेतो, तरी वर्षात दोनदा अंबाजोगाईला दाखल करावं लागलेलं. अटॅक आला तर काय करायचं ते पत्रात लिहिलं होतं आणि सोबत एक पंप दिला होता. शाळेनं पत्रावर आवक क्रमांक टाकला, ते फाईलला लावलं आणि पंप 'सुरक्षित' ठेवला. म्हणजे कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, कुलूप लावून.

नोव्हेंबरात एका सकाळी शाळेच्या मागच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू होती. साडेअकराच्या सुमारास पोराला धाप लागली. कपाटाची किल्ली क्लार्ककडे होती आणि क्लार्क कामासाठी अंबाजोगाईला गेले होते. बाईंनी पाणी पाजलं, पाठ चोळली, बाकावर आडवं केलं आणि आई-वडिलांना फोन लावला. आई-वडील कुठे होते? पश्चिम महाराष्ट्रात, उसाच्या फडात. घरी फक्त आजी, आणि तिच्याकडे फोन नाही. शेवटी एका शिक्षकांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून माझ्याकडे आणलं. तोवर पस्तीस मिनिटं गेली होती. ओठ निळसर होते आणि तोंडातून एका वेळी एकच शब्द निघत होता.

पोरगा वाचला. पण त्या दिवशी त्याचं औषध त्याच्यापासून वीस पावलांवर होतं, आणि आमच्यात कुलूप होतं.

शाळेशी नंतर बोललो तेव्हा तीन कारणं ऐकायला मिळाली. हीच कारणं मला इतर शाळांतून आणि पालकांकडूनही ऐकू येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे देतो.

पहिलं, 'दुसऱ्या पोरांनी खेळता खेळता ओढला तर?' ओढला तर त्या पोराचं काळीज थोडा वेळ धडधडेल, हात थरथरतील आणि तासाभरात सगळं थांबेल. पंपाच्या एका दाबात साल्बुटामॉल असतं १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा भाग. निरोगी पोरानं चुकून एक-दोन दाब घेणं आणि दमेकरी पोराला वेळेवर न मिळणं, हे दोन धोके एका तराजूत तोलताच येत नाहीत.

दुसरं, 'पंपाची सवय लागते, मग तो सुटत नाही.' हे मी वीस वर्षं ऐकतोय. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी पोराला आंधळं ठेवत नाही. एक गोष्ट मात्र खरी आहे. आराम देणारा पंप रोज रोज लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ होतो. सूज कमी करणारा दुसरा पंप त्याला कमी पडतोय किंवा तो नीट घेतला जात नाहीये. अशा वेळी डॉक्टरकडे यावं. पंप लपवून ठेवणं हे त्यावरचं उत्तर नाही.

तिसरं कारण खरं मोठं, 'औषध आम्ही दिलं आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची?' शिक्षकांची ही भीती मला समजते. त्यांच्यावर आधीच शंभर कामं लादलेली आहेत. पण औषध दिल्यानं काही होईल याची भीती वाटते आणि न दिल्यानं काय होतं याची वाटत नाही, हे कसं? कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ९ ऑक्टोबर २०१२ रोजी रायन गिबन्स नावाचा बारा वर्षांचा मुलगा शाळेत दम्याच्या अटॅकनं गेला. त्याचा पंप शाळेच्या कार्यालयात ठेवलेला होता. त्याची आई सँड्रा गिबन्स गप्प बसली नाही. २०१५ साली तिथे त्याच्याच नावानं कायदा झाला, की पालकांची संमती असेल तर मुलाला पंप स्वतःजवळ बाळगू दिलाच पाहिजे. आपल्याला विधानसभेपर्यंत जायची गरज नाही. मुख्याध्यापकांची एक सही पुरते.

आपल्या बीड जिल्ह्यात ही गोष्ट आणखी निकडीची आहे. दसरा-दिवाळीला टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पोरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. आणि नेमके हेच महिने दम्याला सगळ्यात वाईट असतात. सोयाबीनची मळणी, मग पहाटेची थंडी, सर्दी-पडशाची साथ, तुरीचं भुसकट. 'त्रास झाला की पालकांना बोलावून घेऊ' हा शाळांचा ठरलेला उपाय इथे चालतच नाही, कारण पालक शेकडो किलोमीटर लांब असतात.

म्हणून मी ते पत्र नव्यानं लिहिलं. तुमच्या घरात असं पोर असेल तर हे उतरवून घ्या, आपल्या डॉक्टरांना दाखवा, औषधाचं नाव आणि दाब त्यांच्याकडून तपासून घ्या, आणि त्यांच्या सही-शिक्क्यानिशी शाळेत द्या.

मा. मुख्याध्यापक यांस, सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेतील इयत्ता सातवीच्या या विद्यार्थ्याला तीव्र दमा आहे. त्याच्या श्वासनलिका कायम सुजलेल्या आणि नाजूक असतात. धूळ, धूर, गार हवा किंवा साधी सर्दी झाली तरी त्या आवळल्या जातात, आत चिकट कफ साठतो आणि हवा बाहेर पडेनाशी होते. त्याचा साल्बुटामॉलचा पंप दिवसभर त्याच्याजवळ असू द्यावा, खिशात किंवा दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात. दुसरा पंप वर्गशिक्षकांच्या टेबलात, कुलूप न लावता ठेवावा. मैदानावर, सहलीला, परीक्षेच्या हॉलमध्येही पंप त्याच्यासोबत हवा. पंपाच्या रंगावर जाऊ नये, नाव वाचावे. त्याचा सकाळ-संध्याकाळचा पंप वेगळा आहे, तो घरीच राहतो आणि अटॅकमध्ये त्याचा उपयोग नाही.

शेजारी मळणी चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या लावून त्याला दुसऱ्या बाजूला बसवावे. झाडलोट आणि फळा पुसणे ही कामे त्याला देऊ नयेत. पालापाचोळा शाळेच्या वेळेत जाळू नये. खिचडी चुलीवर शिजत असेल तर धुराच्या दिशेला त्याचा वर्ग नसावा. सरस्वतीपूजनाला उदबत्ती लावल्यास त्याला मागे, दाराशी बसवावे. अंगदुखीची कोणतीही गोळी शाळेतून देऊ नये, काही दमेकऱ्यांना अशा गोळ्यांनीच अटॅक येतो.

खेळ मात्र बंद करू नयेत, ही विशेष विनंती. धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटे दोन दाब घेतले की तो कबड्डीही खेळू शकतो. हिवाळ्यात परिपाठानंतर लगेच मैदानाला फेऱ्या मारायला लावू नये, एवढेच.

अटॅक ओळखायचा तो असा. सतत खोकला, छातीत घरघर, खांदे वर उचलून श्वास घेणे. तेव्हा त्याला ताठ, किंचित पुढे झुकवून बसवावे. आडवे करू नये. भोवतीची गर्दी हटवावी. पंप हलवून स्पेसरला लावावा, एक दाब द्यावा आणि त्याला स्पेसरमधून तोंडाने सावकाश पाच श्वास घेऊ द्यावेत. मग पुन्हा हलवून दुसरा. असे चार दाब, आणि घड्याळ लावून चार मिनिटे थांबावे. मोकळे वाटले नाही तर १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच पुढचे चार दाब सुरू करावेत. रुग्णवाहिका येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार दाब चालू ठेवावेत. एवढ्याने औषध जास्त होईल ही भीती बाळगू नये.

एका दमात वाक्य पूर्ण होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील किंवा तो पेंगायला लागला असेल, तर चार मिनिटे थांबू नये. १०८ ला आधी फोन. 'दम्याचा अटॅक, बारा वर्षांचा मुलगा, बोलता येत नाही, ऑक्सिजन लागेल' एवढे सांगावे. घरघर अचानक थांबली आणि पोर मलूल दिसत असेल, तर ते बरे झाल्याचे लक्षण नाही. शिट्टी वाजायलाही हवा आत-बाहेर जावी लागते, आता तीही जात नाहीये. खरोखर बरे वाटले की तो पूर्ण वाक्य बोलतो आणि बरगड्या ओढल्या जात नाहीत. बरे वाटले तरी त्या दिवशी त्याला एकट्याने घरी पाठवू नये, डॉक्टरांना दाखवावे. पंपाचा असर चार-सहा तासच टिकतो, आणि रात्री घरी फक्त आजी असते.

आपला, डॉक्टर.

पत्र इथे संपलं. स्पेसरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण 'तो कुठून आणायचा' हा प्रश्न लगेच येतो. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधली पोकळ नळी. घाबरलेल्या पोराला दाब आणि श्वास एकाच क्षणी जुळवता येत नाही, तेव्हा निम्म्याहून जास्त औषध जिभेवर आणि घशातच राहतं. नळीमुळे ते आधी हवेत थांबतं आणि मग श्वासाबरोबर आत जातं. विकतचा मिळाला तर उत्तमच. नाहीतर अर्ध्या लिटरची प्लास्टिकची पाण्याची बाटली घ्या, बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढंच भोक पाडा, आणि बाटलीचं तोंड पोराच्या तोंडात द्या. हा माझा जुगाड नाही. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या डॉक्टरांनी लहान मुलांवर हे करून पाहिलं. नीट बंद केलेली बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालली, आणि तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. बाटली साबणाच्या पाण्यात बुडवून न पुसता वाळवायची. पुसली की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

शाळेत ठेवलेला पंप पंधरवडाभर वापरला नसेल तर आधी दोन दाब हवेत सोडा. मागची तारीख दर सत्राच्या सुरुवातीला बघा. आतले दाब किती उरले हे पाण्यात तरंगवून कळत नाही, मोजणी असलेला पंप घ्या किंवा डब्यावर रेघा मारा. दोनशे दाब झाले की आवाज येत राहतो, पण औषध संपलेलं असतं.

त्या शाळेत हे पत्र मी या वेळी आवक-जावकला दिलं नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बसून वाचून दाखवलं आणि सगळ्यांकडून बाटलीतून एक-एक खोटा दाब करून घेतला. वीस मिनिटं लागली. ज्या बाईंनी त्याला आडवं केलं होतं, त्यांनीच पहिला प्रश्न विचारला, '१०८ ला मी फोन करू का आधी दाब देऊ?' वर्गात दोन माणसं असतील तर दोन्ही एकाच वेळी. एकटेच असाल तर फोन स्पीकरवर ठेवा आणि दाब द्यायला लागा.