मस्टरवरून गुपचूप खोडलेलं नाव

शाळेत मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवत असताना कारकुनाने मस्टरवरचं त्याचं नाव खोडलं आणि पगाराच्या दिवशी सांगितलं, "तुम्ही तासाला नव्हतात," तर आपण काय म्हणू? ऑनलाइन कामाच्या बाजारात हे रोज घडतं. तिथे त्याला 'सेशन टाइमआउट' असं सभ्य नाव आहे.

शाळा सुटल्यावर मी एका प्लॅटफॉर्मसाठी उर्दू आणि मराठी ध्वनिमुद्रणं ऐकून लिहून देतो. जो लॉगिन असेल, त्याच्याकडे यंत्रणा आपोआप काम पाठवते. पैसे कामागणिक मिळतात. म्हणजे रांगेत नाव असणं हीच आमची हाजिरी.

आता खोडरबर कसा चालतो ते बघा. लॉगिन केलं की सर्व्हर आपल्याला एक मुदतीचा पास देतो. आपल्याकडून काही मागणी आली की मुदत पुढे सरकते, ठरलेला वेळ काहीच आलं नाही तर पास रद्द होतो. आमच्याकडे हा वेळ 30 मिनिटांचा आहे. गोम अशी की ध्वनिफीत एकदा पानावर उतरली की ऐकणं, थांबवणं, टंकणं सगळं माझ्याच संगणकावर चालतं. सर्व्हरला त्यातलं काही कळत नाही. मी घाम गाळत असतो आणि त्याच्या लेखी मी झोपलेला असतो.

एका दुपारचा हिशेब देतो. पाळी 2 ते 6. 3.05 ला एका उर्दू चर्चेची फीत आली. चार माणसं एकमेकांना तोडत बोलत होती. 3.35 ला पास संपला. 3.46 ला मी 'जमा करा' दाबलं. पानाने मजकूर ठेवून घेतला, 'पाठवत आहे' असं दाखवलं आणि कोपऱ्यातला हिरवा ठिपका तसाच राहिला. मी पुढच्या कामाची वाट बघत बसलो. 5.10 ला पान ताजं केलं, तेव्हा लॉगिनचा चौकोन समोर आला. म्हणजे 95 मिनिटं मी रांगेतच नव्हतो. तक्रार केली तर उत्तर आलं, "नोंदीप्रमाणे आपण 3.35 ला लॉगआउट झालात." 'झालात'! मराठी व्याकरणात याला कर्तरी प्रयोग म्हणतात. इथे कर्ता मात्र भलताच होता.

कंपन्या म्हणतात, सुरक्षेसाठी हे लागतं. मान्य आहे. सायबर कॅफेत कुणी खातं उघडं ठेवून गेला तर ते बंद व्हायलाच हवं. कमी जोखमीच्या कामासाठी 15 ते 30 मिनिटांची मुदत सुरक्षेच्या जाणकारांनाही मान्य आहे. पण सुरक्षेला लागतं ते बंद करणं, लपवणं नव्हे. पास मेल्यावर सर्व्हर मागणीला सहसा `401` असं उत्तर देतो. ब्राउझरमध्ये F12 दाबून `Network` उघडा, तिथे ते दिसेल. म्हणजे यंत्रणेला पक्कं ठाऊक असतं. ठिपका लाल करून एक घंटी वाजवायला किती खर्च येतो?

वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या 'डब्ल्यूसीएजी' या जागतिक मानकात हे लिहिलेलंच आहे: मुदत संपण्याआधी सूचना द्या आणि साध्या कृतीने ती वाढवायला निदान 20 सेकंद द्या. वेळ बदलण्याची किंवा मुदत बंद करण्याची सोयही त्या नियमाला चालते. बँका हे करतात, कारण ग्राहक चिडला तर निघून जाईल. कामगार निघून गेला तर रांगेत दुसरा उभा असतो, म्हणून इथे कुणाला घाई नाही.

कुणी म्हणेल, पान स्वतःच दर मिनिटाला 'मी आहे' असा निरोप का पाठवत नाही? पाठवावा, पण त्याने पान उघडं आहे एवढंच सिद्ध होतं, माणूस समोर आहे हे नाही. शिवाय आपण दुसऱ्या टॅबमध्ये गेलो की ब्राउझर मागच्या टॅबचे असे निरोप मंदावतो. म्हणून खरा उपाय म्हणजे टंकणं आणि फीत चालवणं ही हालचाल धरावी, शंका असेल तर "आहात का?" असं विचारावं आणि उत्तर आलं नाही तरच नाव काढावं.

आणि नाव काढलं तर नोंदीत खरं लिहावं. 'कामगार गेला' आणि 'यंत्रणेने काढलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना एकच शब्द वापरला की हजेरीची टक्केवारी आमची घसरते आणि दोष कुणाचाच उरत नाही. ही नोंद आम्हाला त्याच दिवशी दिसली पाहिजे, वेळेसकट.

तोवर माझ्यासारख्यांना एवढंच सांगतो: हिरव्या ठिपक्यावर इमान ठेवू नका. लांब फीत आली की मजकूर वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवा, काम जमा केलं की पान ताजं करा आणि लॉगिनचा चौकोन दिसला तर वेळेसह त्याचं चित्र काढून ठेवा. ही कारकुनी आपली नाही, हे खरं. पण मस्टर त्यांच्या हातात असेपर्यंत निदान त्याची एक नक्कल आपल्याकडे असू द्या.