रजेचा अर्ज आणि झाकली मूठ



अहिल्यानगरच्या एका भगिनीचे पत्र आमच्यासमोर आहे. लग्नाला सात वर्षे झाली, आता डॉक्टरांनी टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार सांगितला आहे. त्या सावेडीतल्या एका मोठ्या दुकानात हिशेब पाहतात. तिथे तीसएक माणसे कामाला आहेत. त्या विचारतात, "रजा तर लागणार. पण साहेबांना सांगितले की दुपारपर्यंत सगळ्या दुकानाला कळेल. काय सांगू?"

आमचे उत्तर असे की, साहेबांना तारखा हव्यात, आजार नको. म्हणून आधी तारखा नीट समजून घ्या.

धरा, पाळी 5 तारखेला आली. 6 तारखेला सोनोग्राफी होते आणि इंजेक्शने सुरू होतात. ती साधारण दहा दिवस रोज घ्यायची असतात, पण घरी किंवा जवळच्या नर्सकडून घेता येतात, त्यासाठी रजा नको. मधे 10, 13 आणि 15 च्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी. बीजांड पुरेसे वाढले की शेवटचे इंजेक्शन रात्री ठरल्या वेळी देतात. ते 15 तारखेला रात्री दहाला दिले, तर 34 ते 36 तासांनी, म्हणजे 17 च्या सकाळी, भूल देऊन बीजांडे काढतात. त्या दिवशी शौहरांनाही बहुधा हजर राहावे लागते, त्यांचीही एक रजा धरा. पुढे 20 किंवा 22 ला गर्भ सोडतात, किंवा गोठवून पुढच्या महिन्यात सोडतात.

खरी अडचण इथे आहे: 17 तारीख पक्की आहे हे दोनच दिवस आधी कळते. त्यामुळे "अमुक दिवशी एक रजा द्या" असा अर्ज फसतो. पहिल्यांदा एकच दिवस सांगायचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि तिथूनच चौकशी सुरू होते. सासूबाई आजारी आहेत असे सांगणेही नको. सासूबाई बाजारात दिसल्या की आपलाच शब्द खोटा ठरतो.

उपचार पुण्यात असतील तर जाऊन-येऊन सहा तास जातात, मग प्रत्येक सोनोग्राफीला पूर्ण दिवस. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा, "मधल्या सोनोग्राफी नगरमध्ये करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का?" चालत असेल तर चार पूर्ण दिवसांऐवजी चार सकाळी उशिरा येण्यावर भागते. मग पूर्ण रजा उरतात तीन: बीजांडे काढण्याचा दिवस, त्यानंतरचा विश्रांतीचा आणि गर्भ सोडण्याचा.

अर्ज इतकाच पुरे:

"माझ्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार सुरू होत आहेत. 6 ते 25 तारखेदरम्यान चार दिवस मला सकाळी दोन तास उशीर होईल आणि तीन दिवस पूर्ण रजा लागेल. नेमक्या तारखा डॉक्टर दोन दिवस आधी सांगतील, त्या मी लगेच कळवीन. माझे काम मागे राहणार नाही अशी व्यवस्था करून जाईन. कृपया रजा मंजूर करावी."

साहेबांनी "काय झालंय?" असे विचारलेच, तर म्हणावे, "घाबरण्यासारखे काही नाही, साहेब. बायकांच्या डॉक्टरांकडचे उपचार आहेत." बहुतेक जण तिथेच थांबतात. थांबले नाहीत, तर तेच वाक्य पुन्हा म्हणावे, नवे काही जोडू नये.

दाखला मागण्याचा त्यांना हक्क आहे. डॉक्टरांना सांगा, दाखल्यात आजाराचे नाव नको, "उपचार चालू आहेत, अमुक दिवशी विश्रांती हवी" एवढेच लिहा. पण कागदाच्या माथ्यावरच "टेस्ट ट्यूब बेबी सेंटर" छापलेले असेल तर उपयोग काय? मग नगरच्या नेहमीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून दाखला मिळतो का पाहा. नाहीतर तो बंद पाकिटात एकाच व्यक्तीच्या हाती द्या. मोबाइलवर फोटो पाठवू नका, तो पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. दवाखान्यावर मात्र ही माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन 2021 च्या कायद्याने आहे.

हक्काचे म्हणाल, तर गर्भ राहण्याआधीच्या उपचारांसाठी प्रसूतीच्या कायद्यात वेगळी रजा नाही. पण महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने अशा दुकानातल्या कामगाराला वर्षाला आठ किरकोळ रजा पगारी मिळतात. त्या तिमाहीनुसार जमा होतात आणि वर्षअखेर न वापरलेल्या बुडतात. शिवाय साठलेल्या अर्जित रजा वेगळ्या. हिशेब करूनच महिना निवडा. हिशेबाच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने मार्चअखेर उपचार ठरवू नयेत. डॉक्टरांची हरकत नसेल तर एप्रिल बरा.

दोन-तीन रजा मात्र राखून ठेवा. बीजांडे काढल्यावर पोट फुगत गेले, लघवी कमी झाली, वजन झपाट्याने वाढले किंवा दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे असते. तेव्हा एका दिवसात परत येणे जमत नाही. आणि साधारण दोन आठवड्यांनी रक्ताचा रिपोर्ट येतो. तो मनासारखा आला नाही, तर त्या दिवशी हसतमुखाने टेबलावर बसायची कुणावर सक्ती नसावी.

अल्लाह त्या भगिनीची झोळी भरो. आणि भरली, की साहेबांना काय व कधी सांगायचे, तेही त्यांनीच ठरवावे.