‘काल’ दुकान बंद राहील

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, कुठलाही बाजार घ्या. दुकानाच्या दारावर कागद चिकटवलेला असतो आणि तो लिहिणारा अनेकदा घरी उर्दू व गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी बोलणारा असतो. पातूरच्या नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. पण दारावरच्या या कागदाला दुसरी भाषा कोण देणार? ते काम घरातल्या शाळकरी मुलांवर येते. फक्त उर्दू वाचणारी दादी विचारते, “बेटा, क्या लिखा है?”

रेशन दुकानावर असा कागद आहे असे समजू:

“काल रेशन वाटप होनार नाही ज्याचा आंगठा लागत नाही त्यानी घरातील दुसरा मानुस आनावे आधार कारड सोबत”

आधी हे मोठ्याने वाचावे. होनार, मानुस, कारड या चुका कानाने लिहिल्यामुळे झाल्या आहेत, म्हणून कानाला त्या अडत नाहीत. ‘न’च्या जागी ‘ण’ ऐकला की झाले. खरी अडचण पुढे आहे.

पहिला शब्दच पाहा. मराठीत ‘काल’ म्हणजे होऊन गेलेला दिवस. उर्दूतले ‘कल’ मात्र मागचाही दिवस सांगते आणि पुढचाही. लिहिणाऱ्याच्या डोक्यात ‘कल’ होते, हातातून ‘काल’ उतरले. हे ओळखायचे क्रियापदावरून. ‘होनार नाही’ हा भविष्यकाळ आहे, म्हणजे त्याला ‘उद्या’ म्हणायचे आहे. नुसत्या ‘काल’कडे पाहून मुलाने “कल राशन नहीं बँटा” असे सांगितले, तर दादी उद्या पिशवी घेऊन फुकट चक्कर मारील. कागदावर नुसते “काल दुकान बंद” असते, तर मात्र क्रियापदाची मदत नाही. तेव्हा दुकानदारालाच तारीख विचारावी. त्यातही आज लिहिलेला ‘उद्या’चा कागद चार दिवस तसाच दारावर राहतो, हे वेगळेच.

आता पूर्णविराम. तो कुठेच नाही, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला वाटेल की ज्याचा अंगठा लागत नाही त्याला उद्या रेशन मिळणार नाही. पण तसे असते तर ‘त्याला’ आले असते. इथे ‘ज्याचा’ला जोडी आहे ‘त्यानी’ची, आणि ‘त्यानी’ पुढच्या ‘आनावे’कडे जाते. म्हणजे पहिले वाक्य ‘नाही’पाशी संपले. उद्या वाटप कोणालाच नाही. अंगठ्याची सूचना स्वतंत्र आहे, ती वाटपाच्या दिवसासाठी.

सर्वांत जपून घ्यायचा शब्द ‘मानुस’. मराठीत माणूस म्हणजे व्यक्ती, आणि घरगुती बोलण्यात पुरुषही, नवराही. मुलाने “घर का दूसरा मर्द लाओ” असे उर्दू केले, तर जिच्या घरी ती आणि मुलगी दोघीच आहेत, ती विधवा दुकानाकडे फिरकणारच नाही. हातचे धान्य एका शब्दाने जाईल. इथे व्याकरण उपयोगी पडत नाही, दुकानाचे काम माहीत असावे लागते. रेशनच्या मशीनवर कार्डात नाव असलेल्या आणि आधार जोडलेल्या कुठल्याही सदस्याचा अंगठा चालतो, बाईचा असो की पुरुषाचा. शेजारचा माणूस मात्र सहसा चालत नाही, त्याचे नाव त्या कार्डात नसते. कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजतात, म्हणून म्हाताऱ्यांचा अंगठा लागत नाही. त्यांच्यासाठीच ही सूचना आहे. तेव्हा उर्दूत असे व्हावे:

“कल राशन नहीं बँटेगा। जिनका अंगूठा मशीन पर नहीं लगता, वो घर के किसी दूसरे फ़र्द को, जिसका नाम कार्ड में हो, आधार कार्ड के साथ लाएँ।”

‘जिसका नाम कार्ड में हो’ हे कागदावर नाही. दुकानदाराच्या मनात ते होते आणि त्याच्यावाचून अर्थ पुरा होत नाही, म्हणून घालावे लागले. असे घातलेले मात्र दादीला सांगावे, की एवढे लिहिलेले नाही, आपण समजून घेतले आहे.

उलट, प्रत्येक वेगळे रूप चूक समजू नये. “येथे सोयाबीन घेतल्या जाईल” असे वाचून पुस्तकी मराठीवाला ‘घेतले’ करायला धावतो. विदर्भात ‘घेतल्या जाते’, ‘केल्या जाते’ असेच बोलतात. त्यात स्त्रीलिंग नाही आणि अनेकवचनही नाही. उर्दूत सरळ “यहाँ सोयाबीन ख़रीदा जाएगा”.

आपल्या कागदात एक गोष्ट तरीही सुटत नाही. आधार कार्ड कोणाचे आणायचे, जिचा अंगठा लागत नाही तिचे की सोबत येणाऱ्याचे? वाक्यातून दोन्ही निघतात. दादीला दोन्ही कार्डे पिशवीत टाकायला सांगावे.