पारोळ्याचा कापूस आणि झीरो व्ह्यूज

समजा, तुमच्या ऑफिसात पारोळा-धुळे पट्ट्यातल्या कापूस खरेदीचा एक डॅशबोर्ड आहे. जुलैत लॉग काढला, तर 90 दिवसांत 41 व्ह्यूज. बरे वाटतात ना? आता त्यातून तो बनवणाऱ्याचं स्वतःचं लॉगिन आणि चेकिंगसाठी तो अधूनमधून उघडणारं ऑटोमॅटिक अकाउंट वजा करा. उरला भोपळा!

पण बॉस, लगेच डिलीट मारू नका. खान्देशात कापूस दसऱ्याच्या आसपास वेचणीला येतो, खरेदी हिवाळाभर चालते. मे-जूनमध्ये तो डॅशबोर्ड बघणार कोण? म्हणून मोजणी किमान 13 महिन्यांची हवी, आणि तीही किती वेगवेगळ्या माणसांनी उघडला याची. पॉवर बीआयचा तयार युसेज रिपोर्ट इतका मागे जात नाही, तेव्हा लॉग दर महिन्याला बाजूला साठवा.

गेल्या सीझनलाही शून्य? मग रिटायर. मात्र रिफ्रेश जॉब आधी नुसता थांबवायचा. क्रॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक खूण पुरते:

```
# 30 6 * * * /opt/jobs/kapus_refresh.sh
```

कारण तो जॉब जे टेबल भरतो, ते कुणाची तरी एक्सेल शीट गुपचूप वाचत असू शकते. आणि ती शीटही दसऱ्यानंतरच उघडणार! त्यामुळे एक सीझन आरडाओरड होते का बघायची. नाही झाली, तर क्वेरी, रिफ्रेशची वेळ, मालकाचं नाव आणि शेवटचा डेटा एका फोल्डरमध्ये ठेवायचा, आणि त्या जॉबचा डेटाबेस पासवर्ड बंद करायचा. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात.